जीपच्या उपयोगाचा पुरावा

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. मी नागपूरला सामाजिक वैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासाला होते आणि प्रबंधाचा विषय सरांनी माझ्या गळ्यात मारला होता: देवस्थानं, मिशन, दर्गे, मठ यांनी लसीकरणात आणि बाळंतपणाच्या कामात आजवर काय केलं, त्यावर लिहिलेलं सगळं वाचून आढावा घ्यायचा. सर म्हणाले, सोपा विषय आहे. सरांना सगळेच विषय सोपे वाटत, कारण करायचे आम्ही.

ग्रंथालयातल्या जाडजूड सूचीत विषय शोधायचा, सापडलेल्या लेखाचं कार्ड करायचं, लेख नसेल तर लेखकाला पोस्टकार्ड टाकून प्रत मागायची. अर्धी पोस्टकार्डं कुठे गेली देव जाणे. जे हाती आलं त्यातले बहुतेक संस्थांचे स्वतःचे वार्षिक अहवाल होते. इतक्या सुया टोचल्या, इतकी बाळंतपणं केली, अमुक दानशूरांचे आभार, आणि हार घातलेल्या पाहुण्यांचा फोटो. त्या भागात एकूण गरोदर बाया किती होत्या, आल्या नाहीत त्या किती, जिथे कोणी गेलंच नाही त्या गावांत काय झालं, हे एकानेही लिहिलं नव्हतं. अहवाल देणगीदारासाठी लिहिलेले. देणगीदार न आलेल्या बाईबद्दल कशाला विचारेल? वाचून वाचून माझं डोकं उठलं.

आढाव्यात आमच्याकडचंही एक काम धरायचं होतं, म्हणून मी माहेरी, वाशीमकडे आले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. आमच्या भागातल्या जैन ट्रस्टचं एक लहानसं प्रसूतिगृह होतं आणि त्याची एक जीप दर आठवड्याला कामरगाव, इंझोरी अशी फिरायची. जीपमध्ये एक नर्सबाई आणि बर्फाच्या थर्मासात धनुर्वाताची लस. गरोदर बाईला एक सुई, महिन्याभराने दुसरी. दोन्ही झाल्या तर आईचं संरक्षण पोटातल्या बाळाला मिळतं. एकीने ते पुरेसं मिळत नाही.

मी जीपमधून हिंडले आणि अहवालात नसलेलं बरंच पाहिलं. ट्रस्टच्या अहवालातल्या फोटोत तपासणीचं टेबल देवळाच्या सभामंडपात मांडलेलं होतं. नर्सबाईंनी ते कधीच फाटकाबाहेर लिंबाखाली आणलं होतं. बाळंतीण सव्वा महिना देवळाच्या आवारात पाय ठेवत नाही, मग तिला आणि बाळाला तपासणार कुठे? सरकारी गाडीचा आवाज आला की लोक नसबंदीच्या ऑपरेशनच्या धास्तीने शेतात पळत. ही जीप आली की बाया आपणहून येत. देवाची गाडी आहे, ती धरून नेणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब. मला हे सगळं फार आवडलं. पण मला आवडलं, हा काही पुरावा नव्हे.

मी प्रकरण लिहिलं. शेवटचं वाक्य असं होतं: उपलब्ध साहित्यावरून अशा कामामुळे मातामृत्यू किंवा बालमृत्यू कमी झाले की नाही, हे सांगता येत नाही. सरांनी त्या वाक्याखाली खूश होऊन रेघ मारली. आजही मी ते वाक्य तसंच लिहीन. ते खरं होतं.

त्याच सुमारास ट्रस्टची बैठक होती. जीप चालू ठेवायची की तो खर्च धर्मशाळेच्या खोल्यांकडे वळवायचा, असा प्रश्न होता. अध्यक्ष शेठजी सज्जन माणूस. छापलेल्या शब्दावर त्यांची भारी श्रद्धा. गावची लेक आढावा लिहितेय म्हटल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि पुस्तकांत काय निघालं ते मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. नर्सबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं, मी जीपसाठी बोलायला आलेय. मलाही तसंच वाटत होतं.

शेवटचं वाक्य वाचलं आणि कापडवाले विश्वस्त लगेच म्हणाले, म्हणजे फायदा नाही.

मी म्हटलं, तसं नाही. फायदा नाही असं दिसलेलं नाही, फायदा मोजलाच गेलेला नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

शेठजी शांतपणे म्हणाले, "बाई, इतके दवाखाने, इतक्या वर्षांचे अहवाल. फायदा असता तर एकाच्या तरी नजरेस पडला असता ना?"

मी समजावायला गेले. जीप जाते ती गावं आणि जात नाही ती गावं घेऊ, घरोघर जन्म आणि मृत्यू विचारू, दोन वर्षांत कळेल. तेव्हा कापडवाल्यांनी विचारलं, तोवर जीप कोण चालवणार? आधी फायदा दाखवा, मग जीप चालवू. जीप चालल्याशिवाय फायदा दाखवता येत नाही, हे मी तीन-चार तऱ्हांनी सांगितलं. सगळ्यांनी अदबीने ऐकून घेतलं आणि चहा मागवला. त्या चहाचा मला आजही राग येतो.

बाहेर आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "तुमी तं आमच्यासंगं फिरल्या, सारं पाह्यलं. मंग थे काहून नाई लिवलं?"

मी पाहिलं ते साहित्यात बसत नाही, असं मी त्यांना सांगितलं. सांगताना माझं मलाच ते पोकळ वाटलं. त्या थर्मास धुवायला निघून गेल्या.

जीप बंद झाली. नर्सबाई दोनदा एसटीने कामरगावला गेल्या. गाडी वाटेत रखडली, बर्फ वितळला, लस टाकून द्यावी लागली. पुढे प्रसूतिगृहाने त्यांना बाहेर सोडलंच नाही. मी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना गाठलं. त्यांनी आपली नर्स इंझोरीला पाठवलीही, पण बायांनी दारं लावून घेतली. डॉक्टरांचा तरी काय दोष? आणीबाणीत नसबंदीसाठी जी धरपकड झाली, ती एका फेरीत पुसली जाणार नव्हती.

प्रबंध द्यायच्या आधी मी पुन्हा प्रसूतिगृहात गेले, तर इंझोरीची एक म्हातारी नातवाला पदरात घेऊन आली होती. बाळ आठवड्याचं. चांगलं पीत होतं, ते प्यायचं थांबलं. जबडा आवळलेला. हात लावला की अंग ताठ व्हायचं. धनुर्वात होता. आईने जीपमधून पहिली सुई घेतली होती. दुसरीची वेळ आली तेव्हा जीप नव्हती. ती मिळाली असती तर बाळ वाचलंच असतं, असं मी शपथेवर सांगणार नाही. तेवढी मी शिकले आहे. पण त्या खोलीत नर्सबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी बाळ गेलं. म्हातारी रडली नाही. फडकं गुंडाळून उठली, दारापर्यंत गेली आणि परत माझ्याकडे आली. मी जीपमधून तिच्या गावी आले होते, ते तिला आठवत होतं.

"लानी सून गरवार हाये," ती म्हणाली. "आता जीप कवा येते?"

मी म्हटलं, येणार नाही. तिने मान हलवली आणि विचारलं, मग तिला कुठे आणू. एसटी इंझोरीहून अवेळी सुटायची, सुनेला एवढं पायी चालवलं नसतं, आणि सरकारी केंद्राचं नाव काढताच तिने पदर तोंडाला लावला. मी काहीतरी बोलत राहिले. ती ऐकून घेऊन गेली. धाकटी सून पुढे कधीच आली नाही.