घरमालकांना पाठवलेला पहिला नमस्कार

घरमालकांना आपली ओळख करून द्यावी, या चांगल्या सवयीपायी मी एकदा अख्खा टँकर आपल्या दारात वळवला होता.

मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. मांजरसुंब्याजवळच्या एका गावात दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रावर नोकरी लागली. दुष्काळात भाडेकरू म्हणजे पाण्याला वाढीव तोंड, म्हणून तीन घरांनी नकार दिला. चौथ्या घरी आण्णांनी खोली दिली, तीही "पंधरा दिवस बगू" म्हणून! (आण्णा त्याच संस्थेचे चेअरमन. गावचा टँकरही संस्थाच चालवायची.)

उपकाराखाली दबून मी रात्री मेसेज लिहायला बसलो. लिहिण्याचा एकच प्रकार मला येत होता: अर्ज.

'प्रति, आण्णा व परिवार. विषय: पाणी मिळणेबाबत व इतर. महोदय, मी तुमचा नवा भाडेकरू. आम्ही दोघं नवराबायको. पाणी कधी येतं? कचरा कुठे टाकायचा? फाटक किती वाजता बंद होतं? सायकल अंगणात चालेल का? आपला आज्ञाधारक.'

"नुसतं नमस्कार म्हणा ना," सुनीता, माझी बायको, म्हणाली.

"अगं, चेअरमन आहेत ते!"

आण्णांचा फोन त्यांची सून सांभाळायची. असले अर्ज रोज ढिगानं यायचे. विषयात पाणी दिसलं की पुढचं न वाचता संस्थेच्या सचिवाकडे पाठवायचं, ही तिची रीत. आणि चेअरमनच्या फोनवरून आलं म्हणजे हुकूमच, ही सचिवाची!

सकाळी दारात टँकर. ड्रायव्हरनं पाइप थेट आमच्या उंबऱ्यावर आणला.

"कशात सोडू?"

आमच्याकडे दोन बादल्या आणि एक तांब्या!

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन आल्या. आठ दिवसांनी आज त्यांची पाळी होती.

"आण्णा, भाडेकरूला टँकर आन् आमी कोरडंच? कावून?"

आण्णा बनियनवर बाहेर आले. "कुनी बलावला बे ह्यो?"

ड्रायव्हरनं सचिवाकडून मेसेज आलेला फोन पुढे केला. आण्णांनी मेसेज मोठ्यानं वाचला, अगदी 'आज्ञाधारक'पर्यंत. सुनीता आत जाऊन सामान बांधायला लागली. (गाठोडं एकच होतं, तेवढंच बरं!)

मी हात जोडले. "आण्णा, सगळं पाणी त्यांना द्या. तांब्यासुद्धा नको. पण खोली..."

आण्णांच्या मिशा हलल्या. "टँकर मागच्या गल्लीत घ्या रे! आन् ह्याला पाइप धरायला लावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेका, भिताड एकच हाय आपलं. तोंडानं इचारायला काय झालतं? ऱ्हा आता, पंधरा दिवसांचं काय न्हाई!"

शेवटची घागर भरेपर्यंत मी पाइप धरून उभा होतो. आयुष्यात माझा एवढा एकच अर्ज ताबडतोब मंजूर झाला, आणि त्यात टँकर मी मागितलाच नव्हता!