तासाभरात गुण

धोंडूकाका परबांचा जगात कुणावर विश्वास नाही, आणि तरी फसतात तेच. विक्रोळीच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. कपाटाच्या पत्र्यावर ओरखडा दिसला की माल परत, एवढंच काम. निवृत्त झाले, पण खातं सुटलं नाही. आता ते मध टीपकागदावर टाकून बघतात, हिंग पाण्यात, काजूगर दाताखाली. कन्नमवार नगरात कुणी नवीन वस्तू आणली की आधी त्यांना दाखवतात. माझं औषधांचं दुकान त्यांच्याच इमारतीखाली, त्यामुळे ही तपासणी बहुतेक वेळा माझ्या काउंटरवर होते. मी रीतसर फार्मसी शिकलेली, पण माझ्याकडच्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा काका चष्मा वर करून वाचून घेतात, तेव्हा कुठे पिशवीत टाकतात.

त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. तरी जिना चढताना छाती भरून येते, म्हणून रोजची एक गोळी आणि खिशात जिभेखाली ठेवायची छोटी गोळी, दोन्ही माझ्याकडूनच जातात. जिना आला की जानकीकाकू पुढे आणि काका मागे, कठड्याला धरून. हे त्यांच्या मनाला लागतं. बोलत नाहीत, पण लागतं.

गेल्या थंडीत ते एक काचेची बाटुकली घेऊन आले. आत काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी. एका प्रदर्शनातून आणलेलं हिमालयातलं शिलाजित. दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना काकांनी काउंटरवर प्रयोग मांडला. सुईच्या टोकावर थेंब घेऊन लायटर धरला, तो पेटला नाही, नुसता फुगला. कोमट पाण्यात टाकला, सोनेरी धागे सोडत विरघळला. गिऱ्हाइकं औषध विसरून बघत राहिली. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हिमालय त्यांनीच बसवलाय.

मी त्यांना सांगितलं की शिसं, पारा, आर्सेनिक यातलं काहीही लायटरला दिसत नाही आणि पाण्यातही दिसत नाही. ते बघायला प्रयोगशाळा लागते, आणि अहवाल याच बाटलीच्या बॅचचा असावा लागतो. काकांनी लेबलवर बोट ठेवलं, शंभर टक्के शुद्ध. तेव्हा माझं डोकं तापलं. वैद्याच्या तोंडी शुद्ध म्हणजे शोधन केलेलं, त्रिफळ्याच्या काढ्यात घोळून, गाळून, घाण काढलेलं. काकांच्या तोंडी शुद्ध म्हणजे कुणी हात न लावलेलं, डोंगरावरून थेट डबीत. म्हणजे नेमकं उलटं. शिलाजिताच्या बाबतीत हात न लावलेलं तेच धोक्याचं.

मग त्यांनी विचारलं, उपयोग तरी होतो का. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, काही छोटे अभ्यास आहेत. शोधन केलेलं शिलाजित काही डझन निरोगी पुरुषांना दोनतीन महिने रोज दिलं, एकात टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलं, एकात दमल्यावरही स्नायूंची ताकद जरा टिकली. त्यातल्या काहींना पैसा विकणाऱ्यांचाच. तुमच्यासारख्या हृदयाच्या पेशंटवर काही सिद्ध नाही, आणि जाहिरातीत दाखवतात त्या स्टॅमिन्याबद्दल तर नाहीच. एवढं सगळं ऐकून काका म्हणाले, म्हणजे उपयोग होतो. कपाळावर हात मारावा की काउंटरवर, मला कळेना.

महिन्याभरात बाटुकली संपली. काही गुण नाही म्हणून त्यांनी कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या. मला वाटलं, सुटले.

नंतर एका दुपारी जानकीकाकू काकांच्या गोळ्या न्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, ह्यांना हल्ली भोवळ येते, परवा ओट्याला धरून खाली बसले, चेहरा लाल आणि अंगाला घाम. प्रेशरची गोळी बदलली का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. मग पदर तोंडाशी नेऊन हळूच म्हणाल्या की फोनवरून कसल्याशा कॅप्सूल मागवल्यात, शिलाजिताच्या, कपाटात माझ्या मोत्यांच्या माळेखाली लपवून ठेवतात, आणि आज जेवल्यावरही घेतली.

मी दुकान तसंच मदतनीस मुलीवर टाकून वर गेले. काका पलंगावर बसले होते, एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने खिशातली डबी उघडत होते. जिभेखालची गोळी बोटात होती. मी ती हिसकावून घेतली. काका एवढे चकित झाले की छातीचं दुखणंही क्षणभर विसरले असावेत.

"आधी सांगा, कॅप्सूलचा गुण कधी येतो?"

काकांनी काकूंकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं, या वेळी ओरडून.

"तासाभरात," काका म्हणाले, आणि त्या अवस्थेतही आवाजात अभिमान. "असली माल आसा गो. पयलो काळो होतो, तो खोटो. ह्याचो गुण तासाभरात इलो."

आयुष्यभर माल तपासणाऱ्या माणसाने जी खूण खरेपणाची धरली, तीच भेसळीची होती. कुठलंही शिलाजित तासाभरात असा गुण देत नाही. असल्या कॅप्सूलमध्ये पुरुषांच्या ताठरतेचं इंग्रजी औषध गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि त्यावर ही छातीची गोळी पडली की रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठत नाही. मी हे त्यांना जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितकं सांगितलं आणि रिक्षा बोलावली. पाकीट उचललं. त्यावर डोंगर होता, सिंह होता, बनवणाऱ्याचा पत्ता मात्र नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आज काय काय घेतलं. काका म्हणाले, चहा. अजून? रोजची गोळी. अजून? काकांनी भिंतीकडे तोंड केलं. नर्स सलाईनची तयारी करत होती, काकू पायाशी उभ्या होत्या, आणि हा माणूस लाजेपोटी मरायला तयार होता. मला रडूच आलं, रागाने. मी पाकीट डॉक्टरांच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, तपासल्याशिवाय आत काय आहे ते सांगता येणार नाही, पण भेसळ आहे असंच धरून चालायचं. नायट्रेट, म्हणजे छातीची ती गोळी, बंद ठेवली, दुसरी औषधं दिली, दिवसरात्र यंत्राला जोडून ठेवलं.

काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "माका ईचारला तरी होता कधी?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

घरी आल्यावर काका कितीतरी दिवस माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून गेले. गोळ्या काकू न्यायच्या. मला वाईट वाटत होतं, पण हायसंही वाटत होतं. अद्दल घडली, मी मनात म्हटलं.

परवा काका दुकानात आले. इकडेतिकडे बघितलं, गिऱ्हाईक नाही याची खात्री केली, आणि खिशातून एक नवीन डबी काढून माझ्यापुढे सरकवली. पुन्हा शिलाजित. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. तुझं सगळं लक्षात ठेवून घेतलंय, म्हणाले, आणि तपासणी खात्याच्या सुरात पुढे सांगितलं, "ह्या शंभर टक्के खरा आसा. तीन आठवडे झाले खातंय, काय्येक गुण नाय."