फलकावरची गृहिणी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या कॅलेंडरचं काम मला मिळालं. मी कुणाच्या नोकरीत नव्हतो, त्यामुळे बुकिंगलाच सगळं लिहून घ्यायची सवय होती. शॉट लिस्टही तिथंच ठरली: गोठा, संकलन केंद्र, पहाटेचे कॅन आणि शेवटी स्वयंपाकघरात दूध ओतणारी हसरी गृहिणी. मुंबईहून मॉडेल आणणं संघाला झेपणारं नव्हतं. मी बायकोला उभं केलं. मॉडेलच्या संमतिपत्रावर सही मागितली तर म्हणाली, "नवऱ्याला बी सही द्यायची व्हय?" दिली मात्र नीट वाचून.

फिल्म धुवायला पुण्याला पाठवली. त्यातल्या निवडक पारदर्शिका, म्हणजे छपाईसाठीच्या स्लाइड, संघाला दिल्या. अट साधी होती: वापर फक्त त्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी, छपाई झाली की पारदर्शिका परत. त्या वेळेवर परत आल्या.

दोन वर्षांनी बायको गेली. आजारपण लांबलं नाही एवढंच बरं म्हणायचं. घर एकदम मोठं झालं. मी काम मिळेल तिकडं जायचो, कारण घरी कुलूप मलाच उघडावं लागायचं.

मग संघाच्या जाहिरात विभागाचे साहेब आले. त्यांना तिचा तोच फोटो हायवेच्या फलकांवर हवा होता. "चेहरा लोकांच्या वळखीचा झालाय की," ते म्हणाले. "नवा करार करू. तुम्ही म्हणाल तसं."

फोटोचा हक्क माझाच होता. पण तिनं सही केली होती ती कॅलेंडरपुरती, आणि फलकासाठी तिला विचारायची सोय उरली नव्हती. शिवाय उन्हापावसात तिचा चेहरा फाटत जाताना रोज खालून जायचं माझ्यानं झालं नसतं. मी नाही म्हणालो.

साहेब भला माणूस. म्हणाले, "मग नवा काढा. तसाच."

मी ते काम घेतलं. या वेळी सगळे हक्क संघाचे, फलकापासून पिशवीपर्यंत. संघातल्याच एका कर्मचाऱ्याची बायको उभी राहिली. तिला सगळं समजावून सही घेतली. साहेबांनी नमुना म्हणून जुन्या कॅलेंडरचं पान भिंतीला चिकटवलं आणि म्हणाले, "हे हसू आलं पायजे बघा."

ते हसू लेन्सकडं बघून आलेलं नव्हतं. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावून, शटरची केबल हातात धरून शेजारी उभा होतो आणि बायको माझ्याकडं बघून माझी खेचत होती.

नव्या बाईंनी तांब्या धरला. उजेड ठीक होता. त्यांनी विचारलं, "भाऊ, बघू कुणीकडं?"

मी शेजारीच उभा होतो. म्हणालो, "कॅमेऱ्याकडं बघा."