रद्द झालेल्या नाटकाचे वरचे पैसे

बीडला आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती आणि तिचा कारभार माझ्याकडे होता. औरंगाबादला एक नाटक येतंय म्हणून कळलं, तेव्हा सगळ्याजणींनी जायचं ठरवलं. नवरा किंवा सासू बरोबर नसताना गावाबाहेर जायची ही पहिलीच वेळ. त्यासाठी प्रत्येकीला घरी केवढी समजूत घालावी लागली!

तिकिटं तेव्हा नुकतीच इंटरनेटवर मिळू लागली होती. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेवाल्याने त्याच्या क्रेडिट कार्डावर काढून दिली, मी त्याला रोख दिले. दर तिकिटामागे बुकिंग कंपनीचं सुविधा शुल्क वेगळं होतं. ते धरून मी बायकांना एकच रक्कम सांगितली. भिशीत फोड कोण विचारतं?

आदल्या दिवशी प्रयोग रद्द झाला. मुख्य नट आजारी पडला होता. काही आठवड्यांनी पैसे कार्डावर परत आले आणि कॅफेवाल्याने ते मला आणून दिले. शुल्क त्यात नव्हतं.

मी आयोजकांना रीतसर अर्ज पाठवला, तिकिटांच्या झेरॉक्स जोडल्या. उत्तर येईना, तेव्हा फोन लावला.

"मॅडम, ते शुल्क आमच्याकडं येतच नाही. बुकिंगवाले घेतात."

"पण नाटक रद्द तुम्ही केलंत ना?"

"मग तिकिटाचे पैसे दिले की आम्ही! शुल्क परत मिळत नाही, तसं छापलंय तिकिटावर."

छापलेलं होतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत. बुकिंग कंपनीचं म्हणणं, आम्ही तिकीट काढून दिलं, आमचं काम झालं. नाटकाचं आयोजकांना विचारा.

भिशीच्या दिवशी मी हे सगळं सांगितलं. एकजण हसत म्हणाली, "वहिनीनं दलाली कापली जणू." बाकीच्याही हसल्या, पण पैसे कमी कसे, हे पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

त्या गेल्यावर मी आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईंना म्हटलं, "काकू, मीच घालते पदरचे." त्यांचं किराणा दुकान होतं, माणसं त्यांना कळत.

"येडी हाय का तू? भरलेस तर म्हणतील, खाल्ले होते म्हणून भरले."

"आणि न्हाई भरले तर?"

"तर खाल्लेच."

मी आले तेवढेच वाटले. दोघींनी माझ्यासमोर मोजून घेतले. पुढच्या महिन्यापासून भिशीचा कारभार दुसरीकडे गेला.

पुढच्या वर्षी औरंगाबादला आणखी एक नाटक आलं. मी विषय काढला. जिच्या घरी भिशी होती ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कोणत्या तोंडानं विचारायचं घरी? सासूबाई अजून त्याच पैशांवरून बोलतात." कुणीतरी पोह्यांत मीठ कमी आहे म्हणालं आणि बोलणं तिकडे वळलं.