लॅपटॉपच्या कोपऱ्यात आलेला निरोप

त्या उन्हाळ्यात मी इतकी दमलेली होते की चिडायलाही जोर उरला नव्हता, आणि चिडणं ही तर माझी जन्मजात कला. उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं शिलाई मशीन असतं. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले, चार वर्षं घरात बसून काढली आणि मग भारतीय कपड्यांच्या फिटिंगचं काम सुरू केलं. इथे आल्यावर चीज खाऊन सगळ्यांचेच ब्लाउज घट्ट होतात, त्यामुळे काम कमी पडत नाही.

प्रत्येक कपड्याचा आधी एक आणि नंतर एक फोटो काढायचा, केबल लावून लॅपटॉपवर घ्यायचा, अशी माझी पद्धत होती. मग फोनचं चार्जिंगचं भोक सैल झालं. केबल लावली की पडायची. चार्जिंगसाठी एक चकती आणली, तिच्यावर फोन नुसता ठेवायचा. पण चकतीतून फोटो काही उतरत नाहीत. शिवाय मशीन चालू असताना गिऱ्हाइकांचे निरोप यायचे आणि मी सुई-दोरा सोडून फोन शोधत हिंडायचे. याबद्दल मी रोज कुरकुर करायचे. शेवटी एका रविवारी नवरा म्हणाला, "आण इकडे. वायर लागतच नाही आता."

खरं तर त्याला वेळ नव्हता. त्याच्या ऑफिसात एक मोठी सिस्टीम लाइव्ह जायची होती. आयटीवाल्यांच्या घरी हा शब्द लग्नाच्या मुहूर्तासारखा उच्चारतात. फरक एवढाच की मुहूर्त टळत नाही. याचं लाइव्ह एका शनिवारवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलं होतं. तो बारा-बारा तास काम करत होता आणि जेवताना ताटाकडे न बघता जेवत होता.

आणि मी त्याच्यापासून एक गोष्ट लपवत होते. माझ्या सासूबाईंना स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल. हे त्यांनी स्वतः मला फोन करून सांगितलं, घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत. "त्याचं ते लाइव्ह का काय, ते होऊ दे. मग सांग," असं बजावलं. परदेशातल्या मुलांना वाईट बातमी उशिरा द्यायची, ही आपल्याकडची रीतच आहे. तिकडे एकटी आहेत, उगाच काळजी करतील, करणार तरी काय बिचारी. मीही ती निमूट पाळली. रविवारच्या फोनवर त्या मुलाला म्हणायच्या, "घसा बसलाय रे, बोलवत नाही. टाइप करते." तोही बरं म्हणायचा आणि लॅपटॉपकडे वळायचा.

तर त्या रविवारी त्याने माझ्या लॅपटॉपवर फोन लिंक नावाचं ॲप उघडलं. ते त्यात आधीपासूनच होतं, मीच कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन आला, तो माझ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपला, लॅपटॉपवर आणि फोनवर एकच खातं घातलं. मग फोन एकेक परवानगी मागू लागला. फोटो बघू का? मेसेज बघू का? सूचना वाचू का? तो भराभर हो म्हणत गेला. सूचनांसाठी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बटण सरकवावं लागतं, तेही त्याने सरकवलं. सासूबाईंचे निरोप याला दिसले तर? पण मी लॉक स्क्रीनवरचा मजकूर आधीच लपवून ठेवला होता. फोन नुसता पडलेला असला की कोणाला काही वाचता येत नसे. तेच इथेही लागू होईल, असं मी स्वतःला समजावलं.

मग त्याने फोटो उघडले. माझे ब्लाउज ओळीने समोर आले, केबलशिवाय, आपोआप. मी लहान मुलासारखी खूश झाले, आणि तेवढ्यात वरच्या ओळीत मला तो दिसला. सासूबाईंच्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट. डॉक्टर असलेल्या माझ्या मावसबहिणीला पाठवण्यासाठी काढलेला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"गिऱ्हाइकाची मापं," मी म्हणाले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. तो लगेच उठून त्याच्या कामाला लागला. मी फोनवरून तो स्क्रीनशॉट पुसला, क्षणात लॅपटॉपवरूनही गेला.

दुसऱ्याच दिवशी मशीनवर बसले असताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट उघडली. सासूबाईंचं नाव आणि खाली अख्खा निरोप, एकही अक्षर झाकलेलं नाही. लॉक स्क्रीनचं झाकण फक्त लॉक स्क्रीनपुरतंच असतं, हे शहाणपण मला तेव्हा आलं. नवरा मागे कॉफी करत होता. मी घाईने ती सूचना बाजूला सारली, तर ती फोनवरूनही नाहीशी झाली, आणि उत्तर द्यायचं मी संध्याकाळपर्यंत विसरले. त्या बिचाऱ्या तपासणीला एकट्या बसल्या होत्या.

मग मी सेटिंगमध्ये शिरले. कोणत्या ॲपच्या सूचना लॅपटॉपवर दाखवायच्या ते तिथे ठरवता येतं. मी ते चॅटचं ॲपच बंद केलं. पण माझी गिऱ्हाइकंही त्याच ॲपवर. दोन दिवसांत एकीची साखरपुड्याची तारीख चुकता चुकता राहिली. पुन्हा चालू केलं. एका माणसाचेच निरोप तेवढे गाळायची सोय मला सापडली नाही. नवऱ्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत निघाली असती, पण त्यालाच कसं विचारणार? शेवटी मी लॅपटॉप मिटून ठेवू लागले. कधी बॅटरी कमी झाली की फोन बॅटरी वाचवायच्या मोडवर जायचा आणि लिंक तुटायची. त्या दिवशी मला बरं वाटायचं. जे यंत्र मीच मागून घेतलं, ते बंद पडावं म्हणून मीच देव पाण्यात ठेवून बसले होते.

लाइव्ह पुन्हा पुढे गेलं. ऑपरेशनची तारीख मात्र कोणासाठी पुढे जात नाही. शुक्रवार, सकाळी आठ. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. रोज संध्याकाळी त्याचा चेहरा बघून वाटायचं, उद्या. मला रागही येत होता. त्याचा, त्या सिस्टीमचा आणि आईंचाही. आई तुमची, मुलगा तुमचा, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी का खावा?

गुरुवारी संध्याकाळी तो पाच वाजताच घरी आला. आमचा प्रिंटर फक्त माझ्या लॅपटॉपशी बोलतो. लेकीचे बूट लहान निघाले होते, ते परत पाठवायचं लेबल छापायला तो टेबलाशी बसला. त्या दिवशी लहंग्याची मापं सारखी बघावी लागत होती म्हणून मी लॅपटॉप उघडाच ठेवला होता. मी माळ्यावर वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते. फोन मधल्या मजल्यावर, बेडरूममध्ये चकतीवर. घरात वायफाय एकच, आणि बॅटरी पूर्ण भरलेली.

कोपऱ्यात चौकट उघडली. नंतर मी तो निरोप फोनवर वाचला, म्हणून शब्द पाठ आहेत: "उद्या आठला आत नेणार. मग बोलता येणार नाही. आज त्याचा आवाज ऐकावासा वाटतोय. पण नको सांगूस, त्याचं काम होऊ दे."

त्या चौकटीखाली उत्तर लिहायची जागा असते. त्याने मला हाक मारली नाही. तिथेच, माझ्या नावाने जाणाऱ्या निरोपात त्याने लिहिलं, "आई, मी वाचतोय. बोलता का येणार नाही?"

मी कपड्यांची टोपली घेऊन उतरत होते तेव्हा बेडरूममध्ये फोन वाजला. उचलला. सासूबाईंचा आवाज म्हणजे नुसती खरखर झाली होती. "अगं, तो आहे का तिथे?"

मला सगळं कळलं. टोपली तिथेच ठेवली, त्या उभ्या जिन्यावरून खाली गेले आणि फोन त्याच्या हातात दिला. तो माझ्याकडे बघत होता. तसं त्याने पूर्वी कधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही कधी बघितलं नाही. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. लेक विचारत आली, "इज आज्जी सिक?" मी हो म्हणाले. माझ्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच ते खरं बाहेर पडलं.

तो चाळीस मिनिटं बोलला. खरं तर बोलला कमी, आईला बोलायला लावलं जास्त. त्याच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात कोण कोण होतं, भरल्या वांग्यात ती आधी काय घालते, वडील लग्नाआधी तिला बघायला आले तेव्हा काय झालं. ती थकायची, थांबायची. तो वाट बघायचा. लेबल छापून प्रिंटरवर पडलं होतं.

त्याच रात्री तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने तो गेला आणि ऑपरेशन झाल्यावर पोचला. त्या आज बऱ्या आहेत. गळ्याला रुमाल बांधतात, टाइप करून बोलतात, चिडल्या की नुसती उद्गारचिन्हं पाठवतात. नवऱ्याने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. लाइव्ह त्याच्याशिवाय झालं. काही बिघडलं नाही.

पण त्या गुरुवारी बोलणं संपताना त्यांनी त्याला फोन माझ्याकडे द्यायला सांगितला होता. मी रडत म्हणाले, "आई, मी नाही सांगितलं हो. तुमचा शब्द मोडला नाही मी. त्यानेच वाचलं."

मग त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं होतं तू पहिल्याच दिवशी सांगशील. आईला आपल्या तोंडाने ये म्हणता येत नाही. म्हणून तर तुला सांगितलं."

त्यांच्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं.