बैल सरकारजमा करणारा नियम

साठीच्या दशकात मी पनवेलच्या कोर्टात वकिली करत होतो. शिरढोणकडचा एक गाडीवाला कोळशाची गाडी घेऊन निघाला, वाहतुकीचा परवाना नव्हता, नाक्यावर अडवला. सरकारने केलेल्या नव्या नियमात लिहिलं होतं: गुन्हा शाबीत झाला की दंड, शिवाय गाडी-बैल सरकारजमा. बैल गेले की त्याचं पोट गेलं.

मूळ कायद्यात नुसता दंड होता. सरकारजमा हे सचिवालयात कुणीतरी नियमात घुसडलेलं! माझं डोकंच फिरलं. नियम विधिमंडळापुढे मांडायचे असतात, म्हणून आमच्या आमदारांकडे धावलो. ते नियम तपासणाऱ्या समितीवर होते.

"मांडलाय हो," ते म्हणाले. "समितीनेही हरकत घेतलीय. पण आम्ही शिफारस करणार, बदल करायचा सरकारने. तोवर नियम लागू."

"आणि तोवर बैल लिलावात?"

त्यांनी हात जोडले.

सुनावणीला गाडीवाला बाहेर, मुद्देमाल म्हणून आणलेल्या गाडीजवळ, बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा होता. "वकीलसायेब, जनावरं नेनार नाय ना?" मी "नाही" म्हटलं खरं, पण खात्री मलाच नव्हती.

सरकारी वकील ठसक्यात म्हणाले, "नियम दोन्ही सभागृहांपुढे मांडला, कुणी बदलला नाही. म्हणजे मंजूरच. शिवाय कायद्याची उद्दिष्टं साधायला नियम करायचा अधिकार आहेच."

मी तडकलो. "सभागृह गप्प बसलं म्हणून कायद्यात नसलेली शिक्षा जन्माला येते काय? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? साहेब, दंड ठरवताना कायद्याने जप्तीचा शब्दही काढलेला नाही. नियम अधिकाराबाहेर गेलाय."

मॅजिस्ट्रेट कायद्याचं पुस्तक पुढे-मागे चाळत राहिले. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

शेवटी ते बोलले. परवाना नव्हता, म्हणून दंड कायम. जप्तीचा भाग कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेरचा, म्हणून तेवढा लागू करणार नाही. गाडी-बैल आणि माल परत.

मी जवळजवळ पळतच बाहेर आलो. गाडीवाल्याने बैलांना कवटाळलं, मग माझ्याकडे वळला. "आता परवाना मिलंपर्यंत पुना अडवला, तं नाक्यावरचा सायेब ह्यो निकाल मानंल?"

काय सांगू? निकाल त्याच्या खटल्यापुरता. समितीचा अहवाल यायचा होता आणि नियम गॅझेटात तसाच छापलेला.

"नाक्यावरचा साहेब गॅझेट बघतो," मी म्हटलं. "पुन्हा धरतील. पुन्हा भांडू."

तो गाडीवर चढला आणि कोळशाची पोती एकेक करून कोर्टाच्या आवारात उतरवू लागला.

"अरे, माल तुझा आहे! परत मिळालाय!"

"नको, सायेब," तो म्हणाला. "वाटंत नाका हाय. कोलसा तुमी ठेवा," आणि रिकामी गाडी हाकत निघून गेला.