खालून वर वाचायचं

अण्णांच्या कानाचं मशीन धाकट्या मुलाने त्याच्या गावी दुरुस्त करून घेऊन कुरिअरने पाठवलं होतं. संध्याकाळी नातीचं शाळेत गाणं. मशीन आलं तर अण्णा ऐकणार, नाहीतर नुसते ओठ बघणार.

अण्णांची मुलगी, ताई, तिच्या कपडे अल्टर करायच्या दुकानात पँटची उंची कमी करत बसली होती. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाने कुरिअरचा स्क्रीनशॉट टाकला. त्याखाली लगेच अण्णा : "परत तुझ्याकडेच गेलं की! निघालो कुरिअरच्या ऑफिसात, जाब विचारतो."

"ताई, तूच बघ गं, मी मीटिंगमध्ये आहे," भावाने हात झटकले.

ताईने चष्मा चढवला. सगळ्यात वर आजची सकाळ : डिलिव्हरीसाठी बाहेर. त्याखाली : पत्ता दुरुस्त केला. त्याखाली काल : पत्ता अपुरा, थांबवले. तळाशी : पाठवणाऱ्याकडे, पार्सल घेतले.

ती खुदकन हसली. अण्णांनी पोथी वाचावी तसं वरून खाली वाचलं होतं. म्हणजे त्यांच्या लेखी पार्सल निघालं, अडलं आणि उलट्या पावली गेलं! इथे मात्र नवी ओळ वर चढते; खालून वर वाचलं की सरळ घरी येतं.

आणि मग तिला पुढचं दिसलं. अण्णा कुरिअरच्या ऑफिसात, दाराला कुलूप, आणि ओटीपीचे आकडे मागणारा कुरिअरवाला बेल वाजवून परत जाणार! फोन करावा तर ऐकणार कोण?

तिने भराभर लिहायला घेतलं, "अण्णा, ती यादी उलटी असते, म्हणजे काल पत्त्याचा..." छे! एवढं वाचेपर्यंत ते कोपऱ्यावर पोचतील. सगळं पुसलं. ग्रुपवर एवढंच टाकलं : "परत गेलेलं नाही. पत्त्याची अडचण सुटली. आज डिलिव्हरीला निघालंय."

मग अण्णांना वेगळा मेसेज :

"अण्णा, मशीन आजच येतंय. घर सोडू नका. बेल ऐकू येणार नाही, दार उघडं ठेवून समोर बसा. मोबाइल हातात ठेवा. कुरिअरचे आकडे येतील, ते दारात आलेल्या माणसालाच सांगा, फोनवर कुणी मागितले तर नाही."

"देवा, एवढं वाचू दे त्यांना," ती पुटपुटली. बोटांत सुई धरून ती स्क्रीनकडे बघत राहिली. दोन निळ्या खुणा उमटल्या!

उत्तर आलं : "एक चप्पल घातली होती. काढली."

ताईने देवाला हात जोडले, सुईसकट.

दुपारी मशीनवर तिचा पाय जोरात चालू असताना फोन वाजला. अण्णा! कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून फोन केला होता.

"अण्णा, मिळालं का हो?" ती सवयीने ओरडली.

"अगं, हळू बोल! कान फोडतेस का? किती वाजता यायचं गाण्याला?"

"साडेपाचला!"

"आलो. आणि मागे ते काय खडखडतंय?"

"शिलाई मशीन."

"तेल घाल त्याला जरा!"